साडेचौतीसचं काय करायचं? कनिष्ठ महाविद्यालयांच्या परीक्षा समित्यांना खुले पत्र

राज्यातील कनिष्ठ महाविद्यालयांच्या परीक्षा समित्या, उपप्राचार्य आणि अकरावीचे निकाल लावणारे सर्व वर्गशिक्षक यांस,

सप्रेम नमस्कार.

मी गणित शिकवतो आणि गेली काही वर्षं आमच्या परीक्षा विभागाचं काम पाहतो. म्हणजे निकालाच्या आठवड्यात ज्याच्या टेबलापुढे पालक येऊन बसतात, तो मी. महाविद्यालयाचं नाव इथे घालत नाही. घोटाळा आमचाच होता, पण तो फक्त आमच्याकडे होतो असं मला वाटत नाही.

निकाल लागून तीन दिवस झाले होते. गावातले एक किराणा दुकानदार आले. त्यांची मुलगी आमच्या अकरावी ब तुकडीत आणि पुतण्या अ तुकडीत. दोघांचा विषय तोच, पेपर तेच, तपासणारे शिक्षकही तेच, फक्त निकाल लावणारे वर्गशिक्षक वेगळे. त्यांनी वाण्याच्या वहीच्या एका पानावर दोघांचे गुण मांडून आणले होते. उत्तरपत्रिका आम्ही मुलांना दाखवतो, त्यामुळे अर्धे गुणही त्यांना ठाऊक होते.

पुतण्याचे गुण असे: पहिल्या चाचणीत २५ पैकी ९½, प्रथम सत्रात ५० पैकी १६½, दुसऱ्या चाचणीत २५ पैकी ८½, वार्षिक लेखीत ८० पैकी २१½ आणि तोंडी-प्रकल्पाचे २० पैकी १२. बेरीज ६८. मुलीचे गुण: ९, १७, ८, २२ आणि १३. बेरीज ६९.

"सर," ते म्हणाले, "अडुसष्टवाला पास आणि एकोणसत्तरवाली नापास, हे कुठल्या तागडीवर?"

मी त्यांना चहा मागवला. उत्तर नव्हतं म्हणून मागवला, हे आता कबूल करायला हरकत नाही. ते गेल्यावर दोन्ही तुकड्यांचे गुणतक्ते शेजारी शेजारी उघडून बसलो, आणि जे दिसलं ते तुमच्यापुढे मांडायला हे पत्र लिहितो आहे.

अकरावीचा हिशेब आपल्या सगळ्यांच्या तोंडपाठ आहे. दोन चाचण्यांचे पंचवीस-पंचवीस, सत्राचे पन्नास, वार्षिक परीक्षेचे लेखी आणि तोंडी किंवा प्रात्यक्षिक मिळून शंभर. एकूण दोनशे. त्याचे निम्मे करायचे की शंभरपैकी गुण आले. पस्तीसला पास. कागदावर यात अवघड काहीच नाही. अडचण अशी की तपासताना आपण अर्धा गुण देतो. गणितात पायरीला अर्धा, आकृतीला नावं अपुरी असली तर अर्धा, व्याख्या अर्धवट असली तर अर्धा. मग या अर्ध्यांची बेरीज होते आणि शेवटी दोनने भागही जातो. म्हणजे अर्ध्याचाही अर्धा, पाव गुण, निर्माण होतो. तो छापता येत नाही. कुठेतरी पूर्णांक करावाच लागतो. तो कुठे करायचा, हे मात्र आमच्याकडे कोणी लिहून ठेवलेलं नव्हतं. प्रत्येकाने आपापल्या ठिकाणी, आपापल्या मनाने केला.

अ तुकडीच्या सरांनी प्रत्येक रकान्यातच अर्ध्याचा एक केला. ९½ चे १०, १६½ चे १७, ८½ चे ९, २१½ चे २२. तोंडीचे १२ होतेच. बेरीज ७०, निम्मे ३५, पास. त्यांच्या मनात पाप नव्हतं. "मुलाचा अर्धा गुण कशाला मारायचा," एवढाच विचार. पण मुळात ६८ चे निम्मे ३४ होतात, म्हणजे या मुलाच्या शेवटच्या आकड्यात अपूर्णांकच नव्हता. जो पूर्णांक करायची गरजच नव्हती, तो चार वेळा केल्यामुळे दोनशेत दोन गुण वाढले.

मुलीच्या वाट्याला यातलं काही आलं नाही, कारण तिचे पाचही आकडे पूर्ण होते. ती अ तुकडीत असती तरी तिची बेरीज ६९ च राहिली असती आणि पुतण्याची ७०. खरा क्रम उलटा झाला असता. रकान्यागणिक पूर्णांक करण्यातला दोष नेमका हा आहे. त्यात मिळणारा फायदा मुलाला किती येतं यावर ठरत नाही, त्याचे अर्धे गुण किती रकान्यांत पडले यावर ठरतो. ज्याचे चार रकान्यांत चार अर्धे पडले त्याला दोन गुण, ज्याचे दोन अर्धे एकाच पेपरात जुळून एक झाले त्याला शून्य. हिला दया म्हणायला माझी हरकत नाही, पण मग ती सोडत काढून वाटलेली दया आहे.

आणि हे फक्त रकान्यांपुरतं थांबत नाही. मी पुतण्याची वार्षिकची उत्तरपत्रिका काढून पाहिली. पाच प्रश्नांचे गुण होते ४½, ५½, ३½, ४ आणि ४. बेरीज बरोबर २१½. तपासणाऱ्या मॅडमनी मुखपृष्ठावर अर्धे तसेच ठेवले होते, हे बरं. पण आमच्याकडेच दुसऱ्या एका विषयाच्या गठ्ठ्यात मुखपृष्ठावर प्रश्नवार गुण लिहितानाच अर्ध्याचा एक केलेला सापडला. त्या पद्धतीने हाच पेपर ५, ६, ४, ४, ४ म्हणजे २३ गुणांचा झाला असता. एका पेपरात दीड गुण जास्त. विभागवार बेरीज करणारे विभागाला पूर्णांक करतात, पेपरवार करणारे पेपरला, गुणतक्ता भरणारे रकान्याला, आणि शेवटी संगणक पुन्हा एकदा. प्रत्येक पायरीवर माणूस समजतो की शेवटची पायरी आपलीच.

हे घडलं आहे का ते गुणतक्त्यावरून ओळखता येतं. साठ मुलांच्या वर्गात, ज्या पेपरात अर्धे गुण दिले जातात त्या पेपराच्या रकान्यात एकही ½ दिसत नसेल, तर समजावं की कोणीतरी आधीच हात फिरवला आहे. अर्धे गुण मुक्तपणे दिले तर साधारण निम्म्या मुलांच्या बेरजेत शेवटी ½ राहायला हवा. मी आमच्या अ तुकडीचे चार लेखी रकाने पाहिले, एकही ½ नाही. ब तुकडीत भरपूर. वर्गशिक्षकांना विचारायच्या आधीच उत्तर मिळालं होतं.

आता ब तुकडीकडे येतो, कारण तिथला घोटाळा अधिक मजेशीर आहे. मजेशीर म्हणजे मला, त्या मुलीला नव्हे. तिच्या ओळीत शंभरपैकी गुणांच्या रकान्यात चक्क ३५ दिसत होते. आणि त्याच्या शेजारी लिहिलेलं होतं: अनुत्तीर्ण.

पहिल्यांदा वाटलं, सूत्र चुकलं. सूत्र असं होतं:

```
G5:  =SUM(B5:F5)/2
H5:  =IF(G5>=35,"उत्तीर्ण","अनुत्तीर्ण")
```

यात चूक नाही. ६९ चे निम्मे ३४.५. पण ब तुकडीच्या मॅडमनी रकाना नीट दिसावा म्हणून दशांश कमी करायचं बटण दाबलं होतं. एक्सेलमध्ये त्या बटणाने फक्त दिसणं बदलतं, आत ठेवलेला आकडा बदलत नाही. म्हणून डोळ्याला ३५ दिसतात, पण पुढचं सूत्र आतल्या ३४.५ शी तुलना करतं आणि नापास ठरवतं. छापील गुणपत्रिकेवर ३५ आणि नापास, दोन्ही एकाच ओळीत. पालकाच्या जागी मी असतो तर वहीचं पान नव्हे, गुणपत्रिकाच टेबलावर आपटली असती.

हे पकडायला सोपं आहे. शंका असलेल्या चौकटीवर क्लिक करा आणि वर सूत्राच्या पट्टीत पाहा. सूत्राऐवजी आकडा ठेवला असेल तर खरा आकडा तिथे दिसतो. सूत्र असेल तर बटण उलट दाबून दशांश परत उघडा. याचंच दुसरं लक्षण म्हणजे खाली छापलेली एकूण बेरीज आणि वर छापलेल्या आकड्यांची हाताने केलेली बेरीज जुळत नाही. दोन विषयांत ३४.५ आणि ४१.५ असतील तर दिसतात ३५ आणि ४२, बेरीज मात्र ७६. दुकानदार माणसाच्या नजरेतून ते सुटत नाही.

उपाय एका शब्दाचा आहे. निम्मे करताना `ROUND` वापरायचा, म्हणजे आतला आकडाच पूर्णांक होतो:

```
G5:  =ROUND(SUM(B5:F5)/2,0)
```

हे केलं की मुलीचे ३५ झाले आणि शेजारच्या चौकटीत उत्तीर्ण आलं. पुतण्याचे, मूळ अर्धे परत भरल्यावर, ३४ झाले.

इथे संगणकाविषयी एक इशारा. काही महाविद्यालयांत कोणा तरुण सहकाऱ्याने निकालासाठी छोटा प्रोग्रॅम लिहिलेला असतो. एक्सेलच्या चौकटीतला `ROUND` ३४.५ चे ३५ करतो. पण पायथनमध्ये लिहिलेलं असेल तर:

```
round(34.5)   # 34
round(35.5)   # 36
```

हा दोष नाही, मुद्दाम केलेला नियम आहे. बरोबर अर्धा आला की जवळच्या सम संख्येकडे जायचं. एक्सेलच्या आतल्या मॅक्रोमधला `Round` सुद्धा असाच वागतो, म्हणजे एकाच फाईलमध्ये चौकटीतलं सूत्र ३५ देईल आणि मॅक्रो ३४. हजारो आकड्यांची बेरीज करताना हा सम संख्येचा नियम फार चांगला, कारण अर्धे काही वर जातात, काही खाली, आणि एकूण बेरीज फुगत नाही. निकालाला मात्र तो चालणार नाही. ३४.५ वाली मुलगी खाली जाणार आणि ३५.५ वाला मुलगा वर जाणार, हे कुठल्याही आईबापाला समजावून सांगता येणार नाही, आणि मलाही पटणार नाही. तेव्हा अर्धा आला की वर, हाच नियम आपल्याला योग्य. त्याने वर्गाची सरासरी किंचित वर सरकते हे मान्य, पण सगळ्यांना एकच माप लागतं. प्रोग्रॅम कोणी लिहिला असेल तर त्यात ३४.५ घालून काय येतं ते आधी पाहा. एक मिनिटाचं काम आहे.

मग प्रश्न उरतो पाव गुणाचा. बेरीज ६८½ असेल तर निम्मे ३४.२५. हा अर्ध्यापेक्षा कमी, म्हणून ३४. पण बेरीज करणाऱ्याने आधी ६८½ चे ६९ केले आणि मग निम्मे केले तर ३४.५ येतात, आणि ते पुन्हा वर जाऊन ३५ होतात. दोन वेळा पूर्णांक केल्यामुळे एक-चतुर्थांशाचा एक पूर्ण गुण झाला. दोन्ही वेळा नियम तोच वापरला, "अर्धा आला की वर", दोन्ही वेळा बरोबरच वापरला, तरी उत्तर चुकलं. मी वर्गात मुलांना हे सांगतो तेव्हा त्यांचा विश्वास बसत नाही. शिक्षक-कक्षात सांगितलं तेव्हाही बसला नव्हता.

हाच प्रकार मोठ्या प्रमाणावर कसा होऊ शकतो हे पाहायचं असेल तर २०२१ साल आठवा. करोनामुळे दहावीची परीक्षा रद्द झाली आणि निकालासाठी सूत्र आलं: दहावीच्या वर्षभरातल्या लेखी मूल्यमापनाचे ३० गुण, तोंडी, प्रात्यक्षिक, गृहपाठ वगैरे अंतर्गत २० आणि नववीच्या निकालाचे ५०. नववीचे गुण हातात आले ते आधीच पूर्णांकात. समजा एका मुलीचे नववीचे खरे गुण ६२.५ होते आणि प्रगतिपुस्तकात ६३ छापले गेले. ६३ चे निम्मे ३१.५, ते पूर्णांकात ३२. सरळ ६२.५ चे निम्मे केले असते तर ३१.२५, म्हणजे ३१. जुन्या छापील आकड्यावर नवं गणित उभं केलं की असा एखादा गुण इकडेतिकडे होतोच. त्या वर्षी शाळांपुढे दुसरा मार्गही नव्हता, कारण मूळ अपूर्णांक कोणी जपून ठेवलेच नव्हते. माझा रोख तिकडेच आहे. अपूर्णांक टाकायचा तो गुणपत्रिकेवर टाका. गुणतक्त्यातून टाकू नका, तिथे तो अर्ध्यानिशी जसाच्या तसा राहू द्या. पुढे कोणाला त्याचे चाळीस टक्के हवे असतील, कोणाला तीस. त्यांना कच्चा माल शाबूत मिळाला पाहिजे.

अपूर्णांक पेपर काढतानाच टाळता येतात, हेही सांगायला हवं. आमच्या एका विभागात अंतर्गत गुणांसाठी ३० गुणांची बहुपर्यायी चाचणी घेऊन तिचं २० मध्ये रूपांतर करायचे. कारण काय, तर तीस प्रश्न तयार होते. ३० पैकी १७ मिळाले की २० पैकी होतात ११.३३ आणि पुढे अखंड तीन. अर्धा आणि पाव निदान दशांशात पुरा लिहिता येतो, तृतीयांश लिहिता येत नाही. अशा तीन चाचण्यांचे ११.३३ लिहून बेरीज केली तर ३३.९९ येतात, खरे मात्र पूर्ण ३४ आहेत. पास-नापासची सूत्रं या एका शतांशावर अडतात आणि कारण शोधता शोधता दुपार जाते. मी त्या विभागाला म्हटलं, वीसच प्रश्न ठेवा, नाहीतर चाळीस ठेवा आणि निम्मे करा. तीस प्रश्न फुकट जातील ही त्यांची हळहळ खरी होती. पण निकालाच्या आठवड्यातली माझी हळहळ त्याहून मोठी असते.

पाव गुण कोणी तपासताना देऊ नये, हेही यातच आलं. सर्वात लहान नाणं अर्ध्या गुणाचं. काही उत्साही तपासणीस ¾ देतात, तेव्हा मला ते वर्गाऐवजी सराफकट्ट्यावर बसलेले दिसतात.

निकाल लागल्यावर या सगळ्याचं काय केलं, तेही लपवत नाही. उपप्राचार्यांसमोर दोन्ही तुकड्यांच्या वर्गशिक्षकांना बसवलं. अ तुकडीचे सर रागावले. त्यांचं म्हणणं, "मी वर्षानुवर्षं असंच करतो आणि मुलांच्या बाजूने करतो. आता तुम्ही त्या पोराला नापास करणार का?" प्रश्न रास्त होता. जाहीर झालेला निकाल मुलाच्या विरोधात बदलणं मलाही पटलं नाही. चूक आमची होती, त्याची नव्हे. त्याचे ३५ तसेच ठेवले, मुलीचा निकाल दुरुस्त करून उत्तीर्ण केला, आणि दोघांची नोंद कारणासह परीक्षा समितीच्या इतिवृत्तात केली. हा तोडगा गणिताच्या कसाला उतरत नाही, हे मला माहीत आहे. ६८ वाला ३५ वर आणि ६९ वालीही ३५ वर. पण तो एकदाच करायचा होता.

सरांच्या मुद्द्यात आणखी एक गोष्ट दडलेली आहे, ती सोडून चालणार नाही. पस्तीसच्या काठावरच्या मुलाला हात द्यावा असं ज्यांना वाटतं त्यांच्या विरोधात मी नाही. त्यासाठी सवलतीचे गुण असतात. ते नियमाने, मर्यादेत, गुणपत्रिकेवर खूण करून दिले जातात, आणि कोणाला किती दिले हे दिसतं. पूर्णांक करण्याच्या आडून दिलेला गुण दिसत नाही. शिवाय क्रम ठरलेला नसला तर दोन्ही सवलती एकावर एक चढतात. आधी रकान्यात दोन गुण वाढले, मग निम्मे करताना अर्धा वाढला, मग त्यावर सवलतीचे गुण लागले. दोनशेच्या बेरजेत ज्याला तीन गुण कमी होते तो आणि ज्याला पाच कमी होते तो, दोघं एकाच ठिकाणी येऊन उभे राहतात. म्हणून क्रम असा हवा: अर्ध्यासकट दोनशेची बेरीज, तिचे निम्मे, एकदाच पूर्णांक, आणि त्यानंतर सवलत. ३४.२५ वाल्याची आई येईल, याची मला कल्पना आहे. रेघ कुठेही ओढली तरी तिच्या अलीकडे कोणीतरी असतंच. तिला निदान असं सांगता येईल की रेघ सगळ्या तुकड्यांत एकाच जागी होती.

पूर्णांक झालेल्या विषयवार गुणांवरून टक्केवारी काढताना पुन्हा पूर्णांक करू नका, एवढीही विनंती. पाचशेपैकी ३७४ म्हणजे ७४.८०. ते ७५ लिहिलं की विशेष प्राविण्याचा दावा दारात आलाच समजा. श्रेणी किंवा वर्ग ठरवताना टक्के पाहूच नयेत, गुण पाहावेत: पाचशेत ३७५ हवेत, आहेत ३७४, संपलं. टक्केवारी दोन दशांशापर्यंत छापावी आणि ती छापलेल्या गुणांवरून काढावी, आतल्या अपूर्णांकांवरून नको. इथे मी स्वतःच्याच तत्त्वाला थोडी मुरड घालतो आहे हे मला कळतं. कच्च्या अपूर्णांकांवरून काढलेली टक्केवारी अधिक खरी असेल. पण गुणपत्रिका हातात घेऊन बेरीज करणाऱ्या माणसाला तीच संख्या मिळाली पाहिजे. जे त्याला पडताळता येत नाही, ते आपण छापू नये.

आठवीपर्यंतच्या शाळांतल्या मित्रांनाही जाता जाता. तुमच्या श्रेणीच्या तक्त्यात ब-१ आहे ७१ ते ८०, अ-२ आहे ८१ ते ९० आणि अ-१ आहे ९१ ते १००. मग ८०.५ ची श्रेणी कोणती? ८० आणि ८१ च्या मधल्या फटीत पडणाऱ्या मुलाला तक्त्यात घरच नाही. काही शाळांतली सूत्रं `>80` लिहितात, काहींतली `>=81`. पहिल्या सूत्राने तो अ-२ मध्ये, दुसऱ्याने ब-१ मध्ये. इथेही आधी पूर्णांक करा आणि मग तक्ता पाहा. मग दोन्ही सूत्रं एकच उत्तर देतात.

आमच्या महाविद्यालयात यंदा काय करतो आहोत ते सांगून थांबतो. अकरावीचे वर्ग सुरू झाले की पहिल्या चाचणीच्या आधी सूचनाफलकावर अर्ध्या पानाची सूचना लागेल: अर्धा गुण कुठवर टिकेल, पूर्णांक कुठे होईल, अर्धा आला की वर जाईल, सवलत त्यानंतर. सर्व तुकड्यांसाठी गुणतक्त्याची एकच फाईल केली आहे. शंभरपैकी गुणांचा रकाना तिच्यात कुलूपबंद आहे, आणि गुण भरायच्या रकान्यांत ½ च्या पटीशिवाय काही भरताच येत नाही. फाईल वाटण्याआधी मी तिच्यात ती दोन्ही मुलं घालून पाहिली. ९½, १६½, ८½, २१½, १२ भरले की ३४ आले. ९, १७, ८, २२, १३ भरले की ३५. अ तुकडीच्या सरांनाही बोलावून दाखवलं. त्यांनी चष्मा वर करून तिसराच आकडा भरून पाहिला, ६८½ ची बेरीज येईल असा. चौतीस आले. "पाव गुण गेला की हो," म्हणाले. म्हटलं, गेला नाही, सूत्राआधीच्या रकान्यात आहे, वर्षभर तिथेच राहील. ही फाईल आणि सूचनेचा मसुदा कुठल्याही महाविद्यालयाने मागितला तर देईन. बदल करून वापरा. पण बदललात तर तुमचं ३४.५ कुठे जातं ते पहिल्या चाचणीच्या आधी पाहून घ्या.

आपला,
गणिताचा एक शिक्षक